कथा : दिवा विझेपर्यंत (आणि त्यावरची चर्चा)

लेखिका : रामबागवाली

नमस्कार. पुढील कथा इंदुरात घडते. कथेतील सुमती काल्पनिक आहे, परंतु तिचा केक माझ्या हातून बिघडलेला आहे, त्यामुळे त्या भागाबद्दल मला थोडा विश्वास आहे. उरलेल्या भागाबद्दल जाणकारांनी स्पष्ट बोलावे.

---

सुमतीच्या यजमानांना जाऊन चौदा महिने झाले होते. लोकमान्य नगरातील त्या दोन खोल्यांच्या घरात सकाळी एकदा पोळी-भाजी होत असे आणि रात्री तीच गरम होत असे. मुलगा पुण्यात होता. दर रविवारी फोन करून तो एकच प्रश्न विचारी, "आई, इकडे कधी येतेस?" आणि ती दर रविवारी एकच उत्तर देई, "बघू."

समोरच्या जैन भाभींच्या नातवाचा पाचवा वाढदिवस होता. बाजारात बिनअंड्याचे केक मिळत होते, पण एकाच भट्टीत आणि एकाच साच्यात दोन्ही प्रकार भाजले जात असतील ही शंका भाभींच्या मनातून जात नव्हती. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आप तो पहले बनाती थीं ना, केक?" सुमतीने होकार दिला. मग भाभींनी संकोचत विचारले, "बर्तन में कभी अंडा...?"

सुमती क्षणभर थांबली. यजमान रविवारी सकाळी गच्चीवर स्टोव्ह पेटवून स्वतःपुरते ऑम्लेट करीत. त्यासाठी एक बीडाचा तवा होता, जो स्वयंपाकघरात कधीच आला नव्हता. तिने ते जसेच्या तसे सांगितले. भाभींनी मान हलवली. दुपारी सुमतीने तो तवा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला, आणि खाली उतरल्यावर बराच वेळ शिडी धरून उभी राहिली.

तिची कृती जुनी होती. एक वाटी दह्यात पाऊण वाटी साखर विरघळेपर्यंत फेटायची, त्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि सव्वा चमचा बेकिंग पावडर घालून पाच मिनिटे ठेवायची, बुडबुडे आले की अर्धी वाटी तेल आणि व्हॅनिला घालायचा, आणि शेवटी दीड वाटी चाळलेला मैदा दोन भागांत मिसळायचा. मुलगा लहान असताना ती हा केक कुकरमध्ये, शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मीठ पसरून करीत असे. आता घरात ओटीजी होता. मुलाने तीन वर्षांपूर्वी पाठवला होता आणि त्यात आजवर फक्त पापड भाजले गेले होते.

केक चांगला झाला. भाभींनी तो सूर्यास्ताच्या आत कापला, कारण त्यांच्या घरी दिवस मावळल्यावर कोणी काही खात नाही. डबा परत करायला आल्या तेव्हा त्यांनी विचारले, "कितना हुआ?"

"अहो, काही नको," सुमती म्हणाली. तिला खरोखरच सुचले नाही. घरात कोणतीही किंमत तिने कधी उच्चारली नव्हती. भाजीवाल्यापासून रंगाऱ्यापर्यंत सगळ्यांशी यजमान बोलत. भाभी गेल्यावर डब्याच्या झाकणाखाली 100 रुपयांची नोट सापडली.

त्यानंतर 100 रुपये हाच भाव ठरला. कोणी ठरवला हे कोणालाच ठाऊक नव्हते. मार्चअखेर गल्लीतून आठवड्याला दोन-तीन केक जाऊ लागले. मागणी बहुधा दुपारी कळे, त्यामुळे सुमती संध्याकाळी सहाच्या सुमारास केक लावी आणि सकाळी देई.

मे महिन्यात केक बसू लागले.

पहिला मधोमध खचला तेव्हा तिने तो स्वतःच खाल्ला. दुसरा वरून फिकट आणि आतून चिकट निघाला. सुरी घातली तर खालच्या बाजूला खरवसासारखा दाट थर दिसला. तिसरा एका साखरपुड्यासाठी होता. तो खचल्यावर तिने निरोप पाठवला की जमणार नाही, आणि ओटीजीची वायर काढून गुंडाळून ठेवली. रविवारी मुलगा म्हणाला, "आई, कशाला त्रास करून घेतेस? गरज आहे का?" या वेळी "बघू" म्हणणेही तिला जमले नाही.

रात्री झोप आली नाही म्हणून ती स्वयंपाकघरात बसली. यजमान गणिताचे शिक्षक होते. एखाद्या मुलाचे गणित चुकले की ते उत्तराकडे पाहत नसत. "कोणत्या ओळीपर्यंत बरोबर आहे ते दाखव," एवढेच म्हणत. सुमतीने त्यांची हिशेबाची वही काढली, ती उलटी धरली आणि मागच्या कोऱ्या पानावर लिहिले : दही. मिसळणे. भट्टी.

दही पहिले, कारण मे महिन्यात ते दुपारपर्यंत आंबत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने निम्मे निम्मे माप घेऊन दोन लहान डबे भरले. एकात सकाळी लावलेले गोडसर दही होते, दुसऱ्यात आदल्या दिवशीचे आंबट. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी भाजले. दोन्ही बसले. आंबट दह्याचा केक थोडा अधिक फिकट होता, एवढाच फरक. दह्यावर तिने रेघ मारली.

तिसऱ्या दिवशी तिने मैदा मिसळताना मोजून वीसच वळसे दिले, एकही जास्त दिला नाही. केक पुन्हा बसला. मात्र या वेळी आतली लांबट भोके नाहीशी झाली होती, म्हणजे ती चूकही होती, पण वेगळी होती. तिने रेघ मारली नाही. बाजूला फुली केली.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला जाग आली आणि करमेना म्हणून तिने केक लावला. माप तेच, दही तेच. भट्टी तापत असताना ती चहा घेत समोर बसली होती. साधारण बाराव्या मिनिटाला ओटीजीवरचा लाल दिवा टक् आवाज करून विझला. ती दचकली. हा दिवा विझतो, हे ती विसरून गेली होती. गेल्या महिन्याभरात संध्याकाळी तो विझलेला तिने एकदाही पाहिला नव्हता. केक आत गेला आणि अडतीस मिनिटांत घुमटासारखा वर येऊन बाहेर निघाला.

त्या संध्याकाळी तिने केक केलाच नाही. रिकामी भट्टी 180 वर लावली आणि स्टूल घेऊन बसली. वरच्या मजल्यावरचा कूलर सुरू झाला, मग बाजूचा, मग समोरच्यांचा एसी. ट्यूबलाइट एकदा लपकली. पंधरा मिनिटे झाली, वीस झाली, पंचवीस झाली. दिवा तसाच लाल होता.

आजवर ती दहा मिनिटे झाली की डबा आत ठेवीत होती. दिव्याकडे न पाहता.

तिने वहीत तिसऱ्या शब्दाभोवती चौकट केली, आणि खाली यजमानांच्या वळणाचे अक्षर काढण्याचा प्रयत्न न करता स्वतःच्याच वाकड्या अक्षरांत लिहिले : केक फक्त सकाळी आठच्या आत. मागणी आदल्या दिवशी.

सोमवारी भाभी आल्या. नणंदेकडे द्यायला एक केक हवा होता, आज संध्याकाळपर्यंत. सुमतीने सांगितले की उद्या सकाळी मिळेल. भाभींना नवल वाटले, पण त्या हो म्हणाल्या. मग सुमती पुढे म्हणाली, "और भाभी, अब 220 लूँगी."

भाभी हसल्या. "घर की ही तो बात है, डेढ़ सौ रख लो."

सुमतीने उत्तर दिले नाही. पूर्वी अशा वेळी समोरच्या माणसाला अवघडू नये म्हणून ती काहीतरी बोलून टाकीत असे. आता ती दाराला टेकून उभी राहिली. गल्लीतून कचऱ्याची गाडी आपले गाणे वाजवीत आली आणि निघून गेली.

"ठीक है," भाभी म्हणाल्या. "लेकिन सुबह पक्का."

---

प्रतिसाद

मोजूनमापून :
कथा आवडली. मी गेली अकरा वर्षे घरून बेकिंग करते, म्हणून केकच्या बाजूने बोलते. दही, मिसळणे आणि भट्टी हा शोध घेण्याचा क्रम अगदी योग्य आहे, आणि दोन डबे एकाच वेळी भाजण्याची युक्ती तर माझ्या विद्यार्थिनीही करीत नाहीत. त्या एका वेळी तीन गोष्टी बदलतात आणि मग कशामुळे सुधारले ते कळत नाही.

भट्टी थंड असली की केक का बसतो, हे कथेत सांगितलेले नाही आणि सांगायला नकोच, पण इथे लिहिते. सोडा दह्याला भेटल्याबरोबर वायू सुटू लागतो. त्या बुडबुड्यांभोवती मैद्याची भिंत घट्ट होईपर्यंत ते टिकले पाहिजेत. अंड्याच्या केकमध्ये अंडे गरम होताच गोठते आणि भिंत धरून ठेवते. आपल्याकडे ते काम मैद्यातील स्टार्च आणि चिकटपणा यांनाच करावे लागते. भट्टी कमी तापली तर भिंत घट्ट व्हायच्या आधीच बुडबुडे फुटून जातात. खालचा खरवसासारखा थर ही त्याचीच खूण आहे.

एक दुरुस्ती सुचवते. सुमती सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही दह्यात घालून पाच मिनिटे थांबते. बऱ्याच कृतींत असेच असते, पण त्यानंतर भट्टी तयार नसेल तर ती पाच मिनिटे महागात पडतात. भट्टीचा दिवा विझल्याशिवाय सोडा डब्यातून बाहेर काढू नये, असा माझ्याकडे नियम आहे.

जुना इंदुरी :
मला मात्र दह्यावर इतक्या लवकर रेघ मारलेली पटत नाही. आमच्या घरी उन्हाळ्यात केक बसतो तो दह्यामुळेच. दही आंबट झाले की सोडा वाढवावा लागतो, नाहीतर केक फुगतच नाही. आमची सौ. अर्ध्याऐवजी एक चमचा सोडा घालते आणि केक उत्तम होतो, फक्त रंग थोडा गडद येतो.

मोजूनमापून :
काका, तुमचे निम्मे बरोबर आहे. दही जितके आंबट तितका जास्त सोडा त्यात जिरतो, हे खरे. पण आंबट दह्यात केक फुगत नाही, हे खरे नाही. उलट तिथे अर्धा चमचा सोडा पूर्णपणे कामी येतो आणि थोडी आंबट चव व फिकट रंग मागे राहतो. कथेत नेमके तेच दिसते. तुमच्याकडचा गडद रंग ही सोडा उरल्याची खूण आहे. पुढच्या वेळी केक थंड झाल्यावर कडेचा तुकडा नुसता चावून पाहा. जिभेवर साबणासारखी चव आली तर सोडा जास्त झाला आहे असे समजा.

जुना इंदुरी :
साबणासारखी चव येते खरी. आम्ही ती व्हॅनिलाची समजत होतो. सौ. ना सांगायचे की नाही, याचा विचार करतो आहे.

स्नेहलता_ग्वाल्हेर :
या सुमतीताईंचा संपर्क मिळू शकेल का? माझी भाची इंदुरात विजयनगरला राहते, तिच्या मुलीचा 14 तारखेला वाढदिवस आहे. एक किलोचा चॉकलेट केक करतील का आणि घरपोच देतील का?

रामबागवाली :
स्नेहलताताई, सुमती कथेतील पात्र आहे, ती खरी नाही. तुमच्या भाचीला मी वैयक्तिक निरोपातून आमच्या भागातील एक-दोन जणींची माहिती कळवते.

फेज_न्यूट्रल :
मी वीज विभागातून निवृत्त झालेला अभियंता आहे, आणि इथे वीज हे पात्र असल्यामुळे दोन शब्द लिहितो. तापक तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 व्होल्टवर 1500 वॉट देणारी भट्टी 180 व्होल्टवर सुमारे 920 वॉटच देईल. व्होल्टेज पाचव्या हिश्श्याहून थोडेच जास्त उतरते, पण उष्णता जवळजवळ 40 टक्क्यांनी घटते. ट्यूबलाइट लपकली आणि दिवा विझला नाही, हे निरीक्षण म्हणूनच मोलाचे आहे.

तरीही मला एक शंका आहे. 920 वॉटवर मध्यम आकाराची बंद भट्टी 180 अंशांपर्यंत कधीच पोहोचणार नाही, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ती उशिरा पोहोचेल. सुमतीने पंचवीस मिनिटांनंतर पाहणे सोडले. आणखी दहा-पंधरा मिनिटे बसली असती तर दिवा कदाचित विझला असता, आणि "केक फक्त सकाळी" या नियमाची गरजच राहिली नसती.

मोजूनमापून :
विझला असता तरी अडचण उरतेच. थंड डबा आत ठेवण्यासाठी दार उघडले की भट्टीची बरीचशी ऊब निघून जाते. सकाळी ती दोन-तीन मिनिटांत भरून निघते, संध्याकाळी दहा मिनिटे लागतील, आणि केकसाठी पहिली दहा मिनिटेच निर्णायक असतात. म्हणून मला तिचा नियम योग्य वाटतो. अर्थात 300-400 रुपयांचा भट्टीचा तापमापक आत ठेवला असता तर हा वाद उरला नसता.

फेज_न्यूट्रल :
दार उघडल्यावरची घट मी विचारात घेतली नव्हती. या मुद्द्यावर प्रयोग करून पाहावा लागेल. दरम्यान, कोणी सुमतीचे अनुकरण करणार असेल तर फ्रिजचा स्टॅबिलायझर ओटीजीला लावू नये. तो इतक्या भारासाठी बनवलेला नसतो.

हिशेबाची_वही :
सर्वजण केकबद्दल बोलत आहेत, म्हणून मी शेवटच्या प्रसंगाबद्दल लिहिते, कारण माझ्या मते कथेतील एकमेव कच्चा दुवा तिथे आहे. 100 वरून सुमती 220 वर येते, पण हा आकडा तिने कुठून आणला? जी बाई तीन शब्द लिहून केकचा दोष शोधते, ती किंमतही तशीच शोधेल. मी तिच्या कृतीचा हिशेब आमच्याकडील किरकोळ भावाने मांडून पाहिला.

मैदा 8 रुपयांचा, साखर 8, दही 16, तेल 17, व्हॅनिला-सोडा-पावडर मिळून 6. खोका, खालचा पुठ्ठा आणि बटर पेपर 20. भट्टी तापवणे धरून साधारण एक युनिट वीज, म्हणजे 8 रुपये. एकूण 83. म्हणजे 100 रुपयांत तिच्या हाती 17 रुपये राहतात, तेही दीड तासाच्या कामाचे. आता सहापैकी एक केक बिघडतो असे धरा. बिघडलेल्या केकला खोका लागत नाही, पण बाकीचे 63 रुपये जातात आणि ते उरलेल्या पाच केकवर पडतात, प्रत्येकी सुमारे 13. मग हाती राहतात 4 रुपये. मे महिन्यात तर ती पदरचे घालून गल्लीला केक खाऊ घालत होती, आणि हे तिला ठाऊक नव्हते.

वहीच्या त्याच पानावर ही एक बेरीज आली असती, तर दारातले ते गप्प उभे राहणे मला अधिक खरे वाटले असते.

रामबागवाली :
मी पहिल्या खर्ड्यात हिशेब लिहिला होता आणि कथा रुक्ष होईल या भीतीने काढून टाकला. "हाती राहतात 4 रुपये" हे वाचल्यावर तो काढायला नको होता असे वाटते.

माळ्यावरचा_तवा :
मी नेहमी केवळ वाचक असतो; आज लिहिण्यासाठी खाते उघडले, आणि नाव का घेतले ते कळेलच. मला हिशेब वगळलेला बरा वाटला, पण तवा मात्र मागे सोडायला नको होता. तो माळ्यावर ठेवून ती शिडी धरून उभी राहते, हा कथेतील सर्वांत जिवंत क्षण आहे, आणि पुढे त्याचे काहीच होत नाही. याउलट यजमानांची वही आणि "कोणत्या ओळीपर्यंत बरोबर आहे" हे वाक्य मला ठरीव वाटले. दिवंगत नवरा शिक्षक असतो आणि त्याची शिकवण ऐन वेळी आठवते, हे आपण पुष्कळदा वाचले आहे. तिने स्वतःच्या डोक्याने शोध लावला असता तर काय बिघडले असते?

माझी पत्नी जाऊन चार वर्षे झाली. तिच्या हातची कोणतीही कृती मला येत नाही, आणि येत असती तरी मी ती तिचे नाव घेऊन केली असती असे वाटत नाही. वस्तू मात्र हलवता येत नाहीत.

हिशेबाची_वही :
तव्याबद्दल सहमत. वहीबद्दल नाही. चौदा महिने एकटी राहिलेली बाई रात्री दोन वाजता ज्या आवाजाशी बोलते, तो आवाज नवऱ्याचाच असतो. माझ्या आईचे मी हे पाहिले आहे. ती त्यांच्याशी भांडतही असे. सुमतीने भांडायला हवे होते, एवढे मात्र म्हणेन.

वडोदेकर_मंदा :
मी वडोदऱ्यात केक करून विकते, माझ्याकडेही निम्मे ग्राहक जैन आहेत. बिनअंड्याचा म्हणजे आपोआप शाकाहारी, असा समज असतो, पण सजावटीसाठी जेली वा मार्शमेलो घेतले आणि त्यात जिलेटिन असले तर सगळेच फसते, कारण ते प्राण्यांपासून बनते. एका ग्राहक आजींनी माझ्यासमोर पाकिटावरचा हिरवा ठिपका भिंगाने पाहिला होता. भाभींचे भांड्याबद्दल विचारणे म्हणूनच अगदी खरे उतरले आहे. पर्युषणात माझी मागणी जवळजवळ थांबते. सुमतीला भाद्रपदात मोकळा वेळ मिळेल हे लेखिकेने लक्षात ठेवावे.

दुसरे असे की गल्लीत विकतानाही अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते.

जुना इंदुरी :
त्यासाठी मोठा परवाना, तपासणी आणि हजारोंचा खर्च येतो. दोन केक विकणाऱ्या विधवा बाईला हे कोणी सुचवू नये.

वडोदेकर_मंदा :
काका, परवाना मोठ्या उलाढालीसाठी असतो. मी लहान विक्रेती म्हणून फक्त नोंदणी केली, ती ऑनलाइन झाली, आणि त्या वेळी वर्षाला 100 रुपये शुल्क पडले. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो मी खोक्यावर छापते. खरे सांगायचे तर त्या क्रमांकानंतर माझे "घरचंच तर आहे" ऐकणे कमी झाले.

सुधा_लश्कर :
मला शीर्षक खटकले. विधवेच्या कथेला "दिवा विझेपर्यंत" हे नाव वाचताना अंगावर आले. आमच्याकडे दिवा "मालवतो" किंवा "शांत होतो" म्हणतात.

रामबागवाली :
सुधाताई, ते मी जाणूनबुजून ठेवले आहे. तिच्या घरात विझलेल्या दिव्याचा एकच अर्थ होता. ओटीजीचा दिवा विझतो तेव्हा भट्टी तयार झालेली असते. तरीही आपल्याला खटकले हे नोंदवून ठेवते, कारण माझ्या सासूबाईंनाही खटकले होते.

तव्याबद्दल "माळ्यावरचा_तवा" यांचे म्हणणे दोन दिवस डोक्यात फिरते आहे. तो खाली आणला तर भाभींचा विश्वास मोडतो, वरच ठेवला तर तो प्रसंग अर्धा राहतो. मला अजून वाट सापडलेली नाही.

माळ्यावरचा_तवा :
तो गच्चीवर जाऊ शकतो. तिथेच होता ना आधी?

फेज_न्यूट्रल :
प्रयोग केला. काल संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे मीटरवर 194 व्होल्ट होते. 180 मिळाले नाहीत, तेवढी उणीव धरावी. रिकाम्या भट्टीचा दिवा एकविसाव्या मिनिटाला विझला. सकाळी 231 व्होल्टवर तोच दिवा बाराव्या मिनिटाला विझला होता. मग सौ. कडून सुमतीच्या मापाने मिश्रण करवून घेतले आणि संध्याकाळीच दिवा विझल्यावर डबा आत ठेवला. केक मधोमध खचला नाही, मात्र सकाळच्यापेक्षा बोटभर कमी फुगला आणि पंचेचाळीस मिनिटे घेतली.

मोजूनमापून :
मध्ये दार किती वेळा उघडलेत?

फेज_न्यूट्रल :
दोनदा. नातू पाहत होता.